आठ हजार तीनशे रुपयांची पावती

दर वर्षी जानेवारीत आमच्या एचआरची एक मेल येते. गुंतवणुकीचे आणि घरभाड्याचे पुरावे अमुक तारखेपर्यंत अपलोड करा, नाहीतर उरलेल्या दोन पगारांतून कर कापला जाईल. २०२२ च्या जानेवारीत ही मेल आली तेव्हा मी आत्याकडे राहत होते. आत्या निवृत्त शिक्षिका. नवरा गेलेला, मुलगा परदेशी, घरात दोन खोल्या रिकाम्या. मी भाडं देत नव्हते. कधी भाजी आणायचे, कधी सिलिंडरचे पैसे द्यायचे, एवढंच.

टीममधल्या एका सिनियरला मी फोनवर सहज म्हटलं, की यंदा घरभाड्याचा कॉलम रिकामाच जाणार. तो हसला. "रिकामा कशाला सोडतेस? महिन्याला आठ हजार तीनशे लिही. सगळे तेच लिहितात."

आठ हजार तीनशेच का, हे मला आधी कळलं नाही. त्याने समजावलं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. ८,३०० गुणिले १२ म्हणजे ९९,६००. लाखाला चारशे रुपये कमी. पॅन नको, करारनामा कोणी मागत नाही, फक्त पावत्या. पावतीपुस्तक स्टेशनरीच्या दुकानात मिळतं आणि एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प पोस्टात.

हिशोब असा होता. माझं मूळ वेतन महिन्याला ३०,०००. नियमानुसार, भाड्यातून मूळ वेतनाचे दहा टक्के वजा करायचे. ८,३०० मधून ३,००० गेले, राहिले ५,३००. वर्षाचे ६३,६००. एवढ्या रकमेवर कर लागणार नाही. मी वीस टक्क्यांच्या टप्प्यात होते, वर चार टक्के उपकर. म्हणजे वाचणार होते १३,२२९ रुपये.

मी पावतीपुस्तक घेऊन आत्यासमोर बसले. तिने चष्मा लावून पहिली पावती वाचली आणि पुस्तक बंद केलं.

"मी पैसे घेतलेच नाहीत, तर सही कशाची करू?"

"आत्या, नुसता कागद असतो गं तो. तुला काहीच होणार नाही."

"मग भाडं दे. दर महिन्याला दे. मी सही करते आणि माझ्या उत्पन्नात दाखवते."

कायद्याच्या दृष्टीने तिचं अगदी बरोबर होतं. नातेवाइकाच्या घरात राहून खरंच भाडं दिलं, त्याने ते उत्पन्नात दाखवलं, तर त्यात काहीच गैर नाही. पण मला भाडं द्यायचं नव्हतं, मला पावती हवी होती. शेवटी बाराही पावत्यांवर मीच तिची सही केली. शिक्षिकेची सही, ठसठशीत अक्षरं. करायला फार अवघड गेली नाही.

हे मी कबुलीजबाब म्हणून लिहीत नाही. त्या दिवशी मला चोरी केल्यासारखं अजिबात वाटलं नव्हतं, आणि तेच मला नंतर छळत राहिलं. लोक कर का भरतात हा प्रश्न मी वाचायला घेतला तो त्यामुळे. खरं तर मला विचारायचं होतं, की मी इतकी वर्षं कर का भरत होते.

*

अर्थशास्त्रात या प्रश्नाचं एक जुनं, कोरडं उत्तर आहे. १९७२ मध्ये मायकेल अ‍ॅलिंगहॅम आणि आग्नार सान्डमो या दोघांनी करचुकवेगिरीकडे जुगारासारखं पाहिलं. कर लपवला तर किती वाचतं, पकडलं जाण्याची शक्यता किती आणि पकडलं गेलं तर दंड किती, एवढ्या तीन गोष्टी. माणूस गणित करतो आणि ठरवतो.

माझंच गणित करून पाहू. आपल्या प्राप्तिकर कायद्यात उत्पन्न चुकीचं दाखवल्याबद्दल, म्हणजे खोटे पुरावे वगैरे दिल्यास, चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकत होता. मी पकडले गेले नाही तर १३,२२९ चा फायदा. पकडले गेले तर कर तर द्यावाच लागेल, तो तसाही माझ्याकडून येणंच होता, पण वर २६,४५८ चा दंड. तोटा फायद्याच्या दुप्पट. तेव्हा तीनपैकी एकदा तरी पकडले जाणार असेन, तरच प्रामाणिक राहणं परवडतं. त्याहून शक्यता कमी असेल तर फसवण्यात फायदा.

आता आठ हजार तीनशेच्या पावत्या देणाऱ्या दर तिघांतला एक पकडला जातो, असं कोणाला तरी वाटतं का? माझ्या सिनियरला तर एकही माहीत नव्हता. या हिशोबाने सगळ्यांनीच फसवायला हवं. तरीही जगभर बहुतेक लोक बहुतेक कर भरतात. हिशोब सांगतो त्यापेक्षा जास्त कर येतो, तर तो कुठून येतो? या वरच्या भागाला अभ्यासक 'टॅक्स मोराल' म्हणतात. मराठीत त्याला करभान म्हणता येईल. कोणी जबरदस्ती न करता कर भरावासा वाटणं.

हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे माणसं मुळात चांगली असतात तर. मग मी डेन्मार्कबद्दल वाचलं.

*

डेन्मार्क हा करांच्या बाबतीत आदर्श समजला जाणारा देश. कर भरपूर, सरकारवर लोकांचा विश्वासही भरपूर. तिथे काही अर्थशास्त्रज्ञांनी कर खात्याला सोबत घेऊन एक मोठा प्रयोग केला. सुमारे चाळीस हजार करदाते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले. त्यांतल्या निम्म्यांची २००६ सालची विवरणपत्रं कसून तपासली. त्यांची निवड संशयावरून झालेली नव्हती, त्यामुळे देशातला सरासरी माणूस किती लपवतो हे त्यातून कळणार होतं. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

एकूण चोरी फारच कमी निघाली. पण त्यांनी उत्पन्नाचे दोन भाग पाडले होते. पहिला भाग म्हणजे ज्याची माहिती दुसरं कोणीतरी थेट सरकारला देतं. पगाराची मालक देतो, व्याजाची बँक देते. या भागात लपवलेलं उत्पन्न होतं ०.३ टक्के, म्हणजे जवळपास शून्य. दुसरा भाग म्हणजे जे उत्पन्न फक्त करदाता स्वतः सांगतो, दुसऱ्या कोणाकडे त्याची नोंद नाही. त्यात लपवलेलं होतं चाळीस टक्क्यांहून जास्त.

देश तोच आणि विश्वासही तोच. अनेकदा तर माणूसही तोच, ज्याचा पगार एका खिशात आणि वरची कमाई दुसऱ्या खिशात. या शोधनिबंधाच्या नावातच प्रश्न होता: यांना फसवायचं नाही की फसवता येत नाही?

मी माझा फॉर्म १६ उघडून पाहिला. नोकरीला लागल्यापासून माझा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जात होता. बँकेचं व्याज मी पूर्वी दाखवतच नसे, विसरायचे म्हणा. २०२१ च्या शेवटी प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर एआयएस आलं, म्हणजे आपल्या व्याज, लाभांश, म्युच्युअल फंड अशा सगळ्या व्यवहारांची यादी. त्यानंतर व्याज दाखवायला मी एकदाही विसरले नाही. माझ्या सगळ्या करआयुष्यात मला मोकळं सुटलेलं एकच दार होतं, आठ हजार तीनशेचं. त्यातून मी पहिल्याच वर्षी बाहेर पडले.

'आम्ही पगारदार प्रामाणिक कर भरतो' हे वाक्य मी त्याआधी कितीतरी वेळा बोलले होते. त्यातलं 'भरतो' हे क्रियापद चुकीचं होतं. आमचा कर कापला जातो.

पण डेन्मार्कच्या आकड्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सोडून चालणार नाही. कोणीही पाहत नसलेल्या उत्पन्नापैकी निम्म्याहून जास्त लोकांनी आपण होऊन सांगितलं. अ‍ॅलिंगहॅम-सान्डमोच्या जुगारात ते बसत नाही. करभान असेल तर ते इथेच असणार, जिथे दार उघडं आहे. बंद दारापाशी सगळेच सज्जन.

*

उघड्या दारापाशी माणूस काय विचार करतो, हे मला आत्याकडेच पाहायला मिळालं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात तिने बाथरूमच्या फरशा बदलल्या. दुकानदाराने हिशोब लावला, चाळीस हजार. मग नेहमीचा प्रश्न: "पक्कं बिल करू की कच्चं?" पक्कं केलं तर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७,२००. आत्या क्षणभरही थांबली नाही. "कच्चं चालेल."

घरी आल्यावर मी तिला पावत्यांची आठवण करून दिली. मला वाटलं, आता सापडली. ती म्हणाली, "ते वेगळं. तिथे माझी सही होती. इथे कर भरायचा तो दुकानदाराने, माझा काय संबंध?"

संबंध अर्थातच होता. जीएसटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातो, दुकानदार फक्त तो गोळा करून सरकारला पोचवतो. तिला ते माहीतही होतं. पण खोट्या कागदावर स्वतःचं नाव लिहिणं तिच्या मनात पाप होतं, आणि खरा कागद न मागणं ही नुसती काटकसर. माझ्या मनात नेमकं उलटं होतं. कच्च्या बिलाने मला अस्वस्थ केलं, खोट्या सहीने नाही. दोघींनाही आपापली रेघ सरळ वाटत होती.

मी सिनियरला एकदा विचारलं होतं, तुला काही वाटत नाही का? त्याने लगेच तीन कारणं सांगितली. मोठे उद्योगपती बुडवतात. देशात कर भरणारेच मोजके, बाकी सगळे फुकटे. आणि आपल्याला बदल्यात मिळतं काय, खड्डे? दुसरं कारण तर साफ चुकीचं आहे. जीएसटी साबणाच्या वडीवरही असतो आणि ती वडी आमच्या ऑफिसात झाडू मारणाऱ्या मावशीही विकत घेतात. कर न देणारा माणूस या देशात शोधून सापडायचा नाही. पण कारणं खरी की खोटी यापेक्षा माझं लक्ष त्यांच्या जातीकडे गेलं. तीनही कारणांत दंडाचा उल्लेख नव्हता, पैशाच्या गरजेचा नव्हता. तिन्हींचा अर्थ एकच होता: बाकीचे देत नसताना मी दिला तर मी मूर्ख ठरतो.

*

मूर्ख ठरणं म्हणजे काय, ते आत्याने मला घरपट्टीवरून शिकवलं.

आमच्या शहरात घरपट्टीचं बिल एप्रिलमध्ये येतं. मेअखेर भरलं तर थोडी सूट मिळते. आत्या ते पहिल्या आठवड्यात भरते. सुरुवातीला नागरी सुविधा केंद्राच्या रांगेत उभी राहून भरायची, आता फोनवर. न भरणाऱ्याला महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. ऐकायला जबर वाटते. वर्षाला चोवीस टक्के म्हणजे साध्या कर्जाहून महाग.

शेजारच्या बंगल्यातल्या काकांनी सहा वर्षं घरपट्टी भरली नव्हती. गरिबी नव्हती, गाडी नवी होती. मग अभय योजना आली: थकबाकी एकरकमी भरा, शास्तीत ऐंशी टक्के माफी. काकांनी भरली, आणि संध्याकाळी फाटकाशी उभं राहून आत्याला आनंदाने सांगितलं.

आत्याने त्या रात्री वहीत हिशोब मांडला. गणिताची शिक्षिका होती. समजा वर्षाची घरपट्टी सहा हजार. सहा वर्षांची छत्तीस हजार. सर्वांत जुन्या बिलावर सहा वर्षांची शास्ती, त्यानंतरच्यावर पाच, अशी उतरत शेवटच्यावर एका वर्षाची. सगळी मिळून शास्ती झाली ३०,२४०. त्यातली ऐंशी टक्के माफ, म्हणजे काकांनी भरली साधारण सहा हजार. चोवीस टक्क्यांचा वीस टक्के हिस्सा म्हणजे वर्षाला ४.८ टक्के.

"माझ्या एफडीला याहून जास्त व्याज मिळतं," ती म्हणाली. "तेव्हा मीही भरायला नको होतं. पैसे बँकेत ठेवले असते आणि योजनेची वाट पाहिली असती."

कागदावरची चोवीस टक्क्यांची शास्ती, माफीनंतर, बाजारातल्या सगळ्यांत स्वस्त कर्जापैकी एक झाली होती.

दंडाबद्दलचा एक प्रसिद्ध प्रयोग इथे आठवतो. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर तो झाला होता. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. त्यांपैकी सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांहून जास्त उशिरासाठी छोटा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळपास दुप्पट झाला. आधी उशीर केल्यावर ताईंची लाज वाटायची. दंड आल्यावर ती लाज गेली आणि उशीर ही पैसे देऊन घ्यायची सेवा झाली. पुढे दंड काढून टाकला, तरी लाज परत आली नाही, उशीर तेवढाच राहिला. ग्नीझी आणि रुस्तिकिनी यांनी २००० साली हे लिहिलं, तेव्हा शीर्षकच दिलं होतं की दंड म्हणजे किंमत.

शास्तीचं असंच होतं. ती खरोखर वसूल झाली तर दंड असते. दर काही वर्षांनी माफ होऊ लागली की किंमत होते, आणि तीही सवलतीची. मग एखाद्या थकबाकीदाराच्या दारात महापालिका बँड वाजवते, ढोल बडवते, कारण शास्तीतून गेलेली लाज आता बाहेरून आणायची असते.

हे फक्त घरपट्टीपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. १९९७ साली केंद्र सरकारने काळा पैसा आपण होऊन जाहीर करण्याची योजना आणली होती, व्हीडीआयएस. व्यक्तींनी ३० टक्के कर भरायचा, व्याज नाही, दंड नाही, खटला नाही. आधीच्या वर्षांत वरच्या टप्प्यातल्या प्रामाणिक माणसाने ४० टक्के आणि त्याहूनही जास्त दराने कर भरला होता. जुन्या दागिन्यांची किंमत तर १९८७ च्या भावाने लावायची मुभा होती. पावणेपाच लाखांच्या आसपास लोक पुढे आले, सुमारे ३३ हजार कोटी रुपये जाहीर झाले. सरकारच्या तिजोरीत पैसा आला हे खरंच. पण महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात या योजनेला खऱ्या करदात्यांची फसवणूक ठरवलं. पुन्हा अशी योजना आणणार नाही अशी हमी सरकारला सर्वोच्च न्यायालयात द्यावी लागली. नंतर २०१६ मध्ये पुन्हा उत्पन्न जाहीर करण्याची योजना आली, तेव्हा दर मुद्दाम नेहमीच्या करापेक्षा चढा, ४५ टक्के ठेवला होता.

अभय योजनेच्या बाजूनेही बोलता येतं. बुडीत खात्यातले पैसे येतात, कोर्टातले वाद मिटतात, काही थकबाकीदार खरोखर अडचणीत असतात. आलेले कोटी मोजता येतात, वर्तमानपत्रात छापता येतात. आत्याने त्या रात्री मनात काय ठरवलं ते कुठल्याच ताळेबंदात येत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तिने बिल पहिल्या आठवड्यात भरलं नाही. शेवटी ३१ मेला भरलं. सूट जाईल म्हणून.

*

धाक असा स्वस्त होतो, तर मग गोड बोलून पाहावं का? सरकारांनी तेही केलं आहे. याला 'नज' म्हणतात, हलकासा धक्का. कायदा तोच, दर तोच, फक्त पत्रातलं एखादं वाक्य बदलायचं.

सगळ्यांत गाजलेला प्रयोग ब्रिटनचा. २०११ मध्ये तिथल्या कर खात्याने कर थकवलेल्या एक लाखाहून जास्त लोकांना स्मरणपत्रं पाठवली, पण सगळ्यांना सारखी नाही. काहींना नेहमीचं पत्र. काहींच्या पत्रात लिहिलं, की तुमच्या करातून दवाखाने, रस्ते, शाळा चालतात. काहींना कळवलं, की दहापैकी नऊ जण वेळेवर कर भरतात. आणि काहींच्या पत्रात त्यापुढे आणखी एक वाक्य होतं: अजून न भरलेल्या अगदी थोड्या लोकांत सध्या तुम्ही आहात. हे शेवटचं पत्र सर्वांत पुढे गेलं. नेहमीचं पत्र मिळालेल्यांच्या तुलनेत दर शंभरांत साधारण पाच जास्त लोकांनी तीन आठवड्यांच्या आसपास पैसे भरले. शाईचा खर्च तोच.

मला हा आकडा आवडतो, कारण माझ्या सिनियरच्या तीन कारणांना तो बरोबर उलटा लागतो. बाकीचे देत नाहीत म्हणून मी देत नाही, असं म्हणणारा माणूस बाकीचे देतात हे कळल्यावर देतोही.

पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक, हे लोक करचोर नव्हते. त्यांनी आपला कर किती ते आधीच कबूल केलेलं होतं, फक्त भरायचं राहिलं होतं. उत्पन्नच लपवणाऱ्याला पत्र कुठे पाठवणार? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात नव्वदच्या दशकात विवरणपत्र भरण्याआधीच लोकांना असं आवाहन करणारी पत्रं गेली होती. जाहीर केलेल्या उत्पन्नात त्याने फारसा फरक पडला नाही. दोन, ब्रिटनच्या पत्रातलं वाक्य खरं होतं. जिथे ते खरं नसेल, तिथे तेच पत्र घात करेल. माझ्या टीममध्ये कोणी पत्रक काढलं असतं की 'दहातले सहा जण खऱ्या पावत्या देतात', तर मी तेवढंच वाचलं असतं, की चार जण देत नाहीत.

आपल्याकडेही हे सुरू आहे. ज्यांच्या वजावटी संशयास्पद दिसतात त्यांना प्राप्तिकर खातं आधी एसएमएस आणि मेल पाठवतं, स्वतःहून विवरणपत्र सुधारा म्हणून. २०२५ च्या जुलैमध्ये खात्याने जाहीर केलं, की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार जणांनी विवरणपत्रं सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. भाषा सौम्य असते, पण त्या एसएमएसमधला खरा मजकूर 'आम्हाला दिसतंय' हा असतो. म्हणजे तो धक्का कमी आणि डेन्मार्कची ती पहिली बाजू जास्त. दार हळूच लोटून घेतलं, एवढंच. त्यात वाईट काही नाही. मात्र त्या ४० हजारांचं करभान जागं झालं, असं मी म्हणणार नाही.

*

मला असा एसएमएस आला नाही. तो यायच्या आधीच, २०२४ च्या मार्चमध्ये, मी माझं विवरणपत्र सुधारलं.

आयटीआर-यू नावाचा फॉर्म असतो. त्या वर्षीच्या विवरणपत्रासाठी २५ टक्के जादा कराची मुदत ३१ मार्चला संपत होती, त्यानंतर ५० टक्के. मूळ कर १३,२२९. त्यावर दर महिन्याला एक टक्का व्याज, दोन वर्षांचं. पुन्हा आगाऊ कर न भरल्याचं थोडं व्याज. या सगळ्या बेरजेवर पंचवीस टक्के. एकवीस हजारांच्या थोडं वर गेलं. आठ हजार तीनशेचा आकडा खोडून शून्य केला आणि भरले.

का भरले, याचं मला पटेल असं एकच उत्तर सापडतं. आत्या वहीत ४.८ टक्के लिहीत होती, तेव्हा मी तिच्या बाजूने तावातावाने बोलत होते. काका निर्लज्ज आहेत, महापालिका त्याहून. बोलता बोलता लक्षात आलं, की या गोष्टीत मी काकाच आहे. माझ्या टीममध्ये एक मुलगी होती, तिने त्या जानेवारीत घरभाड्याचा कॉलम रिकामा सोडला होता. ती आईवडिलांकडे राहायची. मी तिला वेडी म्हटलं होतं. मूर्ख ठरायची भीती मला होती आणि मी त्यावर उपाय काढला तो तिला मूर्ख ठरवण्याचा. सरकारला मी १३ हजारांना फसवलं, ते सरकार पचवेल. तिला फसवलं ते तिच्या लक्षातही आलं नाही.

आता वाटतं, कर हा आपण सरकारशी केलेला व्यवहार असतो असं जे मानतो, ते अर्धंच. उरलेला अर्धा व्यवहार शेजारच्या टेबलाशी असतो. तूही देशील या भरवशावर मी देते. हा भरवसा सरकार एकट्याने तयार करू शकत नाही, पण एका अभय योजनेत मोडू मात्र शकतं. आणि मीही तो मोडू शकते, स्टेशनरीच्या दुकानातल्या एका पावतीपुस्तकाने.

आत्याला सांगितलं तेव्हा खोट्या सहीबद्दल ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "एकवीस हजार? थांबली असतीस तर आली असती एखादी अभय योजना."

ती चेष्टा करत होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात तिचा गीझर गेला. नवा घ्यायला आम्ही दोघी गेलो. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला, तर मी म्हटलं, पक्कं करा. आत्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. बाहेर आल्यावर बिल उलटसुलट करून बघत म्हणाली, "आता हा भरेल कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं.